धागा: मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिच्या मांजराबद्दल कसं लिहू? पोरकट वाटायला नको

शहापूरची_मंगल (रात्री ९:१२)
नमस्कार सगळ्यांना. रविवारी माझ्या मैत्रिणीचा वाढदिवस हाय, सुमनचा, छप्पन्न पूर्ण होतात. आम्ही दोघी पाचवीपासनं एका बाकावर बसलेल्या. ती वडगावात राहते, घरात माग हायत, आधी चार होते आता दोनच चालतात. पोरगं बेंगळूरला नोकरीला, घरात ती, तिचा नवरा आणि कांडी. कांडी म्हंजे मांजर. बारकं असताना सुताच्या कांड्यांच्या बुट्टीत येऊन बसायचं आणि सगळ्या कांड्या घरभर लोळवायचं म्हणून ते नाव पडलं. आता अकरा वर्षांचं झालं ते.

मला शुभेच्छा लिहायच्या हायत आणि त्यात कांडी यायलाच पाहिजे, कारण त्या घरात कांडी कोण हाय ते मला माहीत हाय. खरं लिहायला बसलो की सगळं बारक्या पोरांच्या कार्डासारखं व्हायलंय. हे बघा काय लिहिलो ते:

"प्रिय सुमन, वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा!! तुझी लाडकी लेक कांडी पण म्हणते म्याव म्याव हॅपी बड्डे मम्मी! तुम्हा दोघींना शंभर वर्षांचं आयुष्य लाभो!"

वाचून मलाच बरं वाटंना. सुमन असं बोलणारी बाई नाही. काय बदलू सांगा.

तिलकवाडी_बॉय
मंगलकाकू सोपं आहे, मांजराचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, अकरा साते सत्त्याहत्तर. लिहा की "तू छप्पन्नची आणि घरात सत्त्याहत्तर वर्षांची आज्जी सांभाळतेस". भारी वाटेल एकदम. आमच्या कुत्र्याच्या, ब्रुनोच्या वेळी मी असंच स्टेटस टाकलेलं, लोकांना लई आवडलं.

चिकोडीचा_शिरप्या
मांजराचा वाढदिवस रविवारी हाय काय? मग लिहून कशाला बसता, फ्लेक्स लावा की. आमच्या गावात बैलाच्या वाढदिवसाचा बॅनर लागतोय, खाली सगळ्या पोरांचे फोटो, शुभेच्छुक म्हणून. केक आणा, गल्लीतली पोरं बोलवा.

शहापूरची_मंगल
वाढदिवस सुमनचा हाय ओ, मांजराचा नव्हे. मांजराचा वाढदिवस कुणाला माहीत, ते भर पावसात आलतं.

पुण्यातली_अनू
दादा, पहिली गोष्ट म्हणजे "ते मांजर", "ते झालं", "ते आलतं" हे आधी काढा. ते म्हणजे वस्तू झाली. घरातलं माणूस समजून लिहायचं ना, मग "ती" लिहा. मी माझ्या बोक्याला कधीच "ते" म्हणत नाही, कुणी म्हटलं तर मी दुरुस्त करते.

शहापूरची_मंगल
अनू, दादा नव्हे ताई हाय मी. आमच्याकडं बायका पण मी आलो, मी गेलो असंच म्हणतात, बाहेरच्यांचा घोटाळा होतोय, चालतंय. आणि "ते"चं पण तसंच की. आमच्यात लाडाचं असलं की "ते". माझ्या नातीला मी "ते आलं काय शाळेतनं" असंच विचारतो, ती काय वस्तू नव्हे. सुमन कांडीला "ते आमचं" म्हणते, ती कधी म्हणतच नाही.

निपाणीकर_काका
मंगलताई, मी पोस्टात होतो, तेहतीस वर्षं काढली. सुरवातीच्या काळात तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका कार्ड घेऊन यायच्या, मजकूर सांगायच्या आणि मी लिहून द्यायचो. त्यावरनं दोन गोष्टी सांगतो.

तुमच्या मजकुरात दोन अडचणी आहेत असं मला दिसतं. एक म्हणजे मांजर बोलतंय. मांजराच्या तोंडात आपले शब्द घातले की ते मांजर राहत नाही, बाहुली होते. ज्या बाईनं अकरा वर्षं त्या जनावराचा आवाज ऐकलाय, कुठल्या वेळचा आवाज कशासाठी हे जिला कळतं, तिला "म्याव म्याव हॅपी बड्डे" कसं पटेल? दुसरी अडचण जागेची. जुन्या पत्रात बघा, आधी ज्याला पत्र त्याची विचारपूस, मग आपली खुशाली, मग शेवटी "थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद". घरातल्या प्रत्येकाची त्या ओळीत जागा ठरलेली असायची. एक म्हातारी होती, लेकीला पत्र लिहायची, शेवटी न चुकता सांगायची, "लिवा, तांबूला चारा कमी पडू देऊ नकोस". तांबू म्हणजे माहेरनं आंदण दिलेली गाय. ती ओळ जावयाला नमस्कार आणि नातवंडांना आशीर्वाद याच्या मधोमध यायची. आमच्या पोस्टात त्या ओळीला कुणी हसल्याचं मला आठवत नाही. घरातल्यांची चौकशी चालू असताना तांबूची पण चौकशी, इतकंच.

कांडीला त्या ओळीत बसवा. वेगळा सोहळा करू नका, आपोआप घरातली होते.

चिकोडीचा_शिरप्या
काका बरोबर बोलले. मी मघाशी नीट वाचलो नव्हतो ताई, राग मानू नका. खरं बैलावरनं एक आठवलं ते सांगतो. कर्नाटकी बेंदराला आमची आई बैलाला ओवाळायची. शिंगांना हुरमुंज लावलेली, अंगावर झूल, पुरणपोळीचा नैवेद्य. ओवाळताना ती काय म्हणायची तर, "बाबा, वरीसभर राबलास, वरच्या तुकड्यात खडक लागला तरी थांबला नाहीस, पाया पडतो तुझ्या." बाळा, सोन्या, राजा असलं काही नाही. बैलानं काय केलं तेवढं सांगायची. ते ऐकून वडील पण टोपी काढून हुबं राहायचे. तुमच्या मांजरानं काय केलंय ते लिहा की.

संकेश्वरी
मी इथं सहसा लिहीत नाही, खरं "मम्मी" शब्द बघितला म्हणून लिहायलोय. मंगलताई, तो शब्द विचार करून घाला. आमच्याकडं टिप्या म्हणून कुत्रा होता. माझ्या वाढदिवसाला एकीनं शाळेच्या ग्रुपवर, साठ जण असतील त्यात, "टिप्याच्या मम्मीला हॅपी बड्डे" असं टाकलं, वर टिप्याचा फोटो. तिच्या मनात काही नव्हतं. त्याच्या आधीच्या दोन वर्षांत माझं पोटातलं मूल दोनदा गेलं होतं आणि ते तिला माहीत नव्हतं. मी अंगठा टाकला, थँक्यू लिहिलो आणि मग न्हाणीत जाऊन रडलो. टिप्याला मी कधीच लेक म्हटलो नाही. तो सोबत होता. रात्री नवरा पाळीला गेला की दारात आडवा झोपायचा, तेवढ्यानं मला झोप लागायची. कुणी तेच लिहिलं असतं तर किती बरं वाटलं असतं.

तिलकवाडी_बॉय
सॉरी संकेश्वरी ताई, वाचून वाईट वाटलं. खरं मला स्वतःला "ब्रुनोचा बाबा" म्हटलेलं आवडतं, मीच म्हणतो तसं. म्हणजे सगळ्यांनाच लागतंय असं नाही.

निपाणीकर_काका
तू स्वतः म्हणतोस ना, मग तुला म्हणायला हरकत नाही. नातं तिनं जोडलेलं असतं, त्याचं नाव पण तिनंच ठेवलेलं असतं. सुमनताई कांडीला लेक म्हणतात का, मंगलताई?

शहापूरची_मंगल
नाही ओ. "आमचं कांडी" इतकंच. पाहुण्यांना सांगताना "घरात आम्ही तिघं" म्हणते.

खानापूर_रोड
मी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, चौदा वर्षं झाली, डॉक्टर नव्हे. ते सातचं गणित तेवढं घालू नका ताई. मांजर पहिल्या वर्षातच वयात येतं, त्या एका वर्षात माणसाची साधारण पंधरा धरतात, दुसऱ्या वर्षाअखेर चोवीस, मग पुढं दरवर्षी चार. म्हणजे अकरा वर्षांचं मांजर साठीला आलं, सत्त्याहत्तरला नाही. कुत्र्यात तर जातीवर असतं, मोठी कुत्री लवकर म्हातारी होतात, बारकी जास्त टिकतात. तशीही तुमची मैत्रीण आणि कांडी जवळजवळ बरोबरीच्या झाल्या, खरं ते लिहायची काय गरज नाही, वयाचे आकडे वाढदिवसाच्या दिवशी कुणाला पाहिजेत.

आणि शंभर वर्षं आयुष्य लाभो हे माणसाला ठीक. घरात सांभाळलेलं मांजर साधारण बारा-पंधरा वर्षं जगतं, काही अठरा-वीसपर्यंत जातात. ज्यांच्याकडं अकरा वर्षांचं मांजर आहे ते मनातल्या मनात मोजत असतात, आमच्याकडं रोज बघतो मी. त्यांना शंभर म्हटलं की उरलेली वर्षं आठवतात. या वर्षी होण्यासारखं काहीतरी मागा.

शहापूरची_मंगल (दुसऱ्या दिवशी, दुपारी)
सगळ्यांचं वाचलो. रात्री बसून परत लिहिलो, हे बघा:

"सुमे, वाढदिवसाच्या शुभेच्छा. तुझं कांडी म्हंजे काय सांगू. मागाची एवढी खडखड चालू असते, आम्ही दोन मिनिटं बसलो तर कान बधिर होतात, आणि ते बुट्टीत गाढ झोपलेलं असतं. करंट गेलं आणि माग थांबला की मगच डोळे उघडतं. २०१९ च्या ऑगस्टात घरात पाणी शिरलं तवा मागावर चढून बसलं आणि दोन दिवस उतरलं नाही, तू तिथंच दूध नेऊन दिलीस. लॉकडाऊनला माग बंद पडले तवा त्याला झोप लागंना, रात्रभर घरभर फिरायचं. आता म्हातारं झालं तरी लाड कमी नाहीत, बुट्टीत उडी मारवत नाही म्हणून तू बुट्टी खाली ठेवलीस, महिनाभर झालं बघायलोय रात्री दोनदा तीनदा उठून पाणी मागतंय आणि तू उठून देतीस, घागरीत तोंड घालतंय तरी तू काय म्हणत नाहीस. असं कांडी सगळ्यांना मिळो."

हे खरं खरं लिहिलो, एक पण शब्द उगाच घातलो नाही. कसं वाटतंय?

चिकोडीचा_शिरप्या
करंट गेल्यावर जागं होतंय हे लई आवडलं ताई. डोळ्यासमोर आलं.

पुण्यातली_अनू
सुंदर आहे. "ते"बद्दल मला अजून पटलेलं नाही पण तुमच्या लिहिण्यात ते कोरडं वाटत नाही हे मान्य. मी तरी ती लिहिलं असतं.

निपाणीकर_काका
चांगलं उतरलंय, पोरकट अजिबात नाही. पण ताई, हे कांडीला लिहिलेलं पत्र झालं. सुमनताई नुसत्या दूध देणाऱ्या, पाणी देणाऱ्या म्हणून येतात. वाढदिवस त्यांचा आहे. एवढ्या गोष्टींतली एकच ठेवा, जिच्यात त्या दोघी एकत्र आहेत आणि तुम्ही पण आहात. तुम्ही त्या गोष्टीत कुठं होतात? तिथनं लिहा.

खानापूर_रोड
ताई, शुभेच्छांचं सगळे सांगतीलच, मी वेगळंच विचारतो. ते पाण्याचं कधीपासनं? मांजराला मुळात तहान कमी असते. अकरा वर्षांचं मांजर अचानक रात्री उठून पाणी मागायला लागलं, घागरीत तोंड घालायला लागलं तर ते लाड समजू नका. आमच्याकडं असं मांजर आलं की डॉक्टर पहिल्यांदा किडनीचा विचार करतात, साखर आणि थायरॉईड पण बघतात. लघवी जास्त होते का, मातीची जागा आधीपेक्षा जास्त ओली असते का? पाठीवरनं हात फिरवला तर मणके लागतात का? वजन उतरलंय का?

शहापूरची_मंगल
अगोबाई. दिवाळीनंतर सुरू झालं म्हणत होती ती. थंडीत पण एवढं पाणी कसं पितंय म्हणून आम्ही हसलो पण होतो. वजन कसं कळणार?

खानापूर_रोड
त्यांच्या घरात सूत मोजायचा काटा असेल की. रिकामी बुट्टी ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि कांडीला तिच्याच बुट्टीत बसवायचं, हलत नाही ते. आधीचं वजन माहीत असेल तर सोन्याहून पिवळं. आणि एक करायचं नाही, पाणी जास्त पितंय म्हणून पाणी बंद करायचं नाही. किडनीला त्रास असला तर पाण्यावरच ते तग धरून असतं. मलूल दिसलं म्हणून घरातली माणसाची गोळी पण द्यायची नाही, पॅरासिटामॉल तर मांजराला विषच. रक्त आणि लघवी तपासल्याशिवाय मी काय, डॉक्टर पण सांगू शकत नाहीत काय आहे ते. कदाचित काही निघणार पण नाही.

खरं हे शुभेच्छांत लिहू नका. पाण्याची ओळ काढून टाका. फोन करून वेगळं सांगा.

संकेश्वरी
वाढदिवस झाल्यावर सांगावं काय? त्या दिवशी कशाला तिचा जीव टांगणीला.

खानापूर_रोड
चार दिवसांनी आभाळ कोसळणार नाही हे खरं, पण महिना झालाय आधीच. जेवण सोडलं, उलट्या व्हायला लागल्या, तोंडाला वास यायला लागला तर मात्र त्याच दिवशी न्यायचं. खाणंपिणं नीट असेल तर रविवार झाल्यावर तीन-चार दिवसांत न्या.

तिलकवाडी_बॉय
मी असतो तर आजच सांगितलं असतं. वाढदिवस काय दरवर्षी येतो.

शहापूरची_मंगल
मी आज संध्याकाळी जातोच तिच्याकडं. बघतो कसं जमतंय ते.

शहापूरची_मंगल (रात्री १०:३०)
जाऊन आलो. सांगितलो. दुसरं काय म्हणून नव्हे, नुसतं "वजन बघूया काय गे कांडीचं" म्हटलो. तिनं लगेच माझ्याकडं बघितलं, म्हणाली "तुला पण वाटायलंय नव्हं?" म्हंजे तिच्या मनात होतंच, बोलत नव्हती. काट्यावर बुट्टी ठेवली. पाडव्याला गंमत म्हणून मोजलं होतं तवा ४ किलो २०० भरलं होतं, तिनं सुताच्या वहीतच लिहून ठेवलेलं. आज ३ किलो ६००. खाणं नीट हाय, उलटी नाही. गुरुवारी न्यायचं ठरलं, रविवार झाला की.

खानापूर_रोड
सहाशे ग्रॅम म्हणजे त्या जिवाला पुष्कळ झालं. बरं केलंत. गुरुवारच्या पुढं ढकलू नका, आणि ती वही बरोबर न्या, डॉक्टरला फार उपयोग होईल. जमलं तर सकाळची लघवी स्वच्छ डबीत, नाही जमली तर तिथं काढतील.

शहापूरची_मंगल (शनिवारी रात्री)
हे शेवटचं. काका म्हणाले तसं मी कुठं होतो तिथनं लिहिलो. उद्या सकाळी पाठवतो:

"सुमे, छप्पन्न झाली बघ तुला. माग सुरू झाला की तुला फोन ऐकू येत नाही म्हणून आधीच लिहितो. लॉकडाऊनला माग बंद होते तवा एकदा रात्री एकला तू मला फोन केलीस. म्हणालीस, आवाज नाही म्हणून कांडीला झोप लागंना, मग मी पण जागी हाय. सूत नाही, पैसे नाहीत असलं काही बोलली नाहीस, कांडीचंच बोललीस, आणि मला सगळं कळलं. त्या रात्री पहाटेपर्यंत आपण बोललो, ते मी विसरलो नाही. ह्या वर्षी तुझी पाठ दुखायची थांबू दे, पोराला दिवाळीला चार दिवस जास्त सुट्टी मिळू दे, दोन्ही माग चालू राहू देत आणि सकाळचं ऊन तुमच्या उंबऱ्यात भरपूर येऊ दे, बसणारे आहेत. भावजींना नमस्कार, पोराला आशीर्वाद, कांडीला कानामागं माझ्याकडनं एकदा खाजव. दुपारी कुंदा घेऊन येतो."

निपाणीकर_काका
आता एक शब्द इकडचा तिकडं करू नका.

पुण्यातली_अनू
"बसणारे आहेत" वाचून गप्पच झाले. आणि ताई, यात ते पण नाही आणि ती पण नाही, नुसतं नाव आहे.

शहापूरची_मंगल
होय की, माझ्या लक्षात पण आलं नव्हतं.

संकेश्वरी
ग्रुपवर टाकणार की तिला एकटीला?

शहापूरची_मंगल
एकटीला. ग्रुपवर नुसतं हार्दिक शुभेच्छा टाकतो.

तिलकवाडी_बॉय
ग्रुपवर पण टाका की काकू, एवढं चांगलं लिहिलंय, बाकीच्यांना पण कळू दे की.

संकेश्वरी
नको. रात्री एकचा फोन दोघींचा हाय तो.

शहापूरची_मंगल (रविवारी संध्याकाळी)
सकाळी पावणेसातला पाठवलो. तासभर उत्तर नाही, मग आलं, "खाजवलो. डोळे मिटून घेतलं." एवढंच. दुपारी गेलो तवा कांडी उंबऱ्यात होतं, उन्हात, बुट्टीसकट आणून ठेवलेलं. सुमननं कुंदा खाल्ला, भावजींनी दोनदा घेतला. गुरुवारी सकाळी रक्त द्यायला न्यायचंय, रिक्षा सांगून ठेवली. बुट्टी मी धरणार, वही ती घेणार.